विषय: रद्द झालेल्या आयव्हीएफ सायकलचे तपशीलवार बिल व स्पष्टीकरण मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
वंध्यत्व उपचार केंद्र, ठाणे (प.)

महोदय,

इंजेक्शनांच्या नवव्या दिवशी, १४ जूनच्या सोनोग्राफीत दोनच फॉलिकल वाढलेले दिसल्याने आमची सायकल स्त्रीबीजे काढण्यापूर्वीच रद्द करण्यात आली. त्या वैद्यकीय निर्णयाबद्दल आमची तक्रार नाही. मात्र आगाऊ भरलेल्या १,६५,००० रुपयांपैकी ४८,००० रुपयेच परत मिळतील, असे काउंटरवर तोंडी सांगून ‘पॅकेज शुल्क’ एवढ्या एकाच ओळीची पावती देण्यात आली.

स्त्रीबीजे काढणे, भूल, प्रयोगशाळा आणि भ्रूणरोपण यांपैकी काहीच झाले नसताना उरलेले १,१७,००० रुपये कशापोटी आकारले, हे कृपया बाबवार दाखवावे. इंजेक्शनांची नावे, मात्रा, बॅच क्रमांक व दरही द्यावेत. (दोन न उघडलेली इंजेक्शने अजून आमच्या फ्रिजमध्ये आहेत, ती बिलात धरली आहेत का?)

सायकल रद्द करण्याचे कारण आणि परताव्याचा नियम आमच्या सहीच्या कोणत्या कागदावर आहे, हेही लेखी कळवावे. वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागणीनंतर ७२ तासांत देण्याची तरतूद भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे, म्हणून सोनोग्राफी व हार्मोन तपासण्यांचे अहवालही सोबत द्यावेत. पुढील उपचार कुठे घ्यायचे, हे आम्हाला त्यावरूनच ठरवायचे आहे.

आपले विश्वासू,
सुप्रिया व निखिल
घोडबंदर रोड, ठाणे (प.)