भिंतीवरची फुली

मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक आणि मुलांनो, नमस्कार.

आज 28 फेब्रुवारी. 1928 साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांना तो प्रसिद्ध शोध लागला, म्हणून आपण विज्ञान दिन पाळतो. बाईंनी मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी कसली शास्त्रज्ञ, एकतीस वर्षं बडोद्यात मुलांना टोचत हिंडले. त्या म्हणाल्या, तेच सांगा. माझी नात इथंच सातवीत आहे. तिनं काल बजावलंय, "आजी, लांबवू नकोस."

आधी सगळ्यांनी डाव्या दंडावर बोट फिरवा. बारीक खळगा लागतोय? तो बीसीजीचा वण. जन्मल्यावर क्षयाविरुद्ध टोचलेल्या लशीचा. नसेल तर घाबरू नका, सगळ्यांना उठत नाही. माझ्या दंडावर मात्र त्याहून मोठा वण आहे, देवीच्या लशीचा. आमच्या लहानपणी लस टोचली असं कोणी म्हणतच नसे, "देवी काढल्या का?" असं विचारत. तुमच्यापैकी एकाच्याही दंडावर तो वण नाही, कारण तो रोगच उरला नाही. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेनं तसं जाहीर केलं.

हिंदुस्थानात पहिली देवी काढली ती 1802 साली, मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा फ्रिज नव्हता. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस काढून पुढच्या मुलाला टोचायची. मुलंच त्या लशीचे डबे! आम्ही चार बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा खांद्याला लावून उन्हातून फिरायचो, तेव्हा मला त्या मुलांची आठवण यायची.

आता लस करते काय? लोकांना वाटतं लस म्हणजे औषध, आत जाऊन जंतू मारतं. तसं नाही. लशीत असतो कमजोर केलेला किंवा मेलेला जंतू, किंवा त्याचा एखादा तुकडा. मारामारी तुमचं शरीरच करतं.

मंगळबाजारात दिवाळीच्या आधी गेला आहात ना? हजारो तयार कपडे टांगलेले. तुमच्या मापाचा कोणी शिवायला बसत नाही, आधीपासून टांगलेल्यातला एखादा बरोबर बसतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं असंच आहे. त्यातल्या काही पेशी, त्यांना बी पेशी म्हणतात, प्रत्येकी वेगळ्या आकाराचं प्रतिपिंड, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवणारं प्रथिन, घेऊन बसलेल्या असतात. गोवराचा विषाणू आला की लाखोंमधली एखादीच त्याला चपखल बसते. मग तीच पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत भराभर वाढते आणि प्रतिपिंडं सोडते. पण पहिल्या खेपेला ह्या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात गोवर आपलं काम करून बसतो. लस घेतली की ही शोधाशोध आजारी न पडता होऊन जाते. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, थोड्या मात्र वर्षानुवर्षं राहतात. त्या स्मृतिपेशी. खरा विषाणू आला की त्या थोड्या दिवसांत फौज उभी करतात. टोचल्यावर दंड दुखतो, एखाद-दोन दिवस ताप येतो, तो बहुतेक वेळा ह्याच गडबडीचा.

आता मी ज्यासाठी आले ते.

पल्स पोलिओच्या वेळी आम्ही घरोघर जायचो. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना थेंब पाजले, डाव्या करंगळीवर शाईची खूण केली, की दाराशेजारी खडूनं 'पी' लिहायचं. मूल सुटलं, घराला कुलूप असलं, आईनं "नको" म्हटलं, की फुली. दुसऱ्या दिवशी फुलीच्या घरी परत जायचं. 2009 साली देशात पोलिओचे 741 रुग्ण होते. 2011 साली एक, हावड्याची एक छोटी मुलगी. त्यानंतर निसर्गात फिरणाऱ्या पोलिओच्या विषाणूचा एकही नाही. माझ्या मते हे देशानं फुल्या पुसून मिळवलं.

फुलीची भीती कशाला? गोवराचा हिशेब बघा. कोणाकडेही प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देतो. आपण पंधरा धरू. तो खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. आता त्या पंधरांपैकी चौदा जण सुरक्षित असले, तर रोग एकाला होतो, तो पुढे एकाला देतो. पंधरापैकी चौदा म्हणजे शेकडा त्र्याण्णवच्या जरा वर. त्याहून जास्त सुरक्षित असले की साखळी तुटते. म्हणून शेकडा पंचाण्णव म्हणतात. आणि नवव्या महिन्याचा पहिला डोस साधारण पंच्याऐंशी टक्के मुलांनाच पक्कं संरक्षण देतो, म्हणून दुसरा. "एक तर घेतला ना," म्हणणाऱ्या आयांशी मी फार भांडले आहे.

ह्यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. पण सरासरी फसवते, हे तुम्हाला शाळेत कोणी सांगत नाही. शहरात शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळाली, छान. पण उरलेली पाच एकाच गल्लीत राहत असतील तर? त्या गल्लीपुरतं शहर उघडंच. विषाणू नगरपालिकेचा अहवाल वाचत नाही.

असं मी एकदा पाहिलं. गल्लीचं नाव सांगत नाही. तीन घरं ओळीनं, तिन्हीवर फुल्या, गोवराची लसही तिथं राहिलेली. एका घराला कुलूप होतं, दोन घरी "आमची मुलं ठणठणीत आहेत" असं उत्तर. खरं होतं ते. शेजारपाजारच्या मुलांनी लस घेतली होती म्हणून ती ठणठणीत होती. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा पाऊस होता, कंटाळा केला. काही आठवड्यांनी तिथल्या सात वर्षांच्या मुलाला गोवर निघाला. आजूबाजूच्या बायका "ओरी निकळी छे" म्हणून कडुनिंबाचे डहाळे दाराला लावत होत्या. मुलगा बरा झाला. पण चौथ्या घरात सात महिन्यांची मुलगी होती. त्या घरावर फुली नव्हती, तिची आई एकही तारीख चुकवत नसे. नऊ महिने झाले नव्हते म्हणून गोवराची लस बाकी होती, एवढंच. तिला गोवर झाला, मग न्यूमोनिया. अकरा दिवस दवाखान्यात. वाचली. आता कॉलेजात आहे, वाटेत भेटली की "मावशी" म्हणते, आणि मला तो पाऊस आठवतो.

तान्ही बाळं, कॅन्सरचे उपचार चालू असलेली माणसं, ह्यांना काही लशी देताच येत नाहीत. त्यांची लस म्हणजे तुमचा दंड.

एक अपवाद सांगते, परीक्षेला विचारा हवं तर. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, त्याचे जंतू मातीत असतात. तिथं शेजाऱ्यानं लस घेतल्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, ज्याची त्यानं घ्यायची. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी देतात ती धनुर्वात आणि घटसर्पाची.

ती द्यायला पुढच्या मंगळवारी आरोग्य केंद्राच्या ताई शाळेत येणार आहेत, असं बाईंनी आत्ताच सांगितलं. नाश्ता करून या, उपाशी पोरं उगाच चक्कर येऊन पडतात. बाही सैल असलेला शर्ट घाला. आणि त्या दिवशी जो कोणी घरी राहील, त्याच्या नावापुढे फुली मीच मारणार आहे, खडू पिशवीतच आहे माझ्या.