सव्वादोन वर्षांच्या लेकीचा आठवड्याचा मेनू

सोमवार ते रविवार. दिवसभर आजी भरवतील, रात्री आई-बाबा. फ्रिजवर लावा.

तिला चालतं: वरणभात, डोसा, धिरडं, पराठा, शेवयांचा उपमा, केळं. चालत नाही: हिरवा ठिपका, रेषा, दाताखाली येणारा तुकडा. कोथिंबीरही नको. थोडक्यात, तिचा राग चवीपेक्षा दिसण्यावर आणि दाताखाली येण्यावर जास्त आहे. म्हणून सगळं गाळून, गुळगुळीत आणि पदार्थाच्या मूळ रंगाच्या जवळ जाणारं घालायचं.

आदल्या रविवारची तयारी. पाव किलो लाल भोपळा आणि 2 गाजरं सोलून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. डब्यांत पाणी घालू नका, ते फक्त कुकरच्या तळाशी. 3 शिट्ट्या. मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेत भरा. एक घर म्हणजे साधारण एक मोठा चमचा. लाइट जाऊन वड्या वितळल्या तर परत गोठवू नका, त्याच दिवशी घरच्या आमटीत संपवा.

सोमवार. दुपारी वरणभात. अर्धी वाटी तुरीच्या वरणात भोपळ्याची एकच वडी. रंग पिवळाच राहतो, पण दोन वड्या झाल्या की वरण गोडसर होतं आणि तिथेच ती तोंड फिरवते. वरून तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबाने गोडी झाकली जाते आणि डाळीतलं लोहही अंगी जास्त लागतं. रात्री साधी मूगखिचडी. त्यात काहीही लपवू नका.

मंगळवार. सकाळी नागलीचं गोड धिरडं. पालकासाठी हीच सगळ्यात खात्रीची जागा, कारण नागलीचा तपकिरी रंग हिरवा गिळून टाकतो. 8 पानांचे देठ काढा (रेषा देठातच असतात), उकळत्या पाण्यात एक मिनिट टाका, पिळा, अर्ध्या पिकलेल्या केळ्याबरोबर बारीक वाटा. अर्धी वाटी नागलीचं पीठ, 2 चमचे कणीक, चमचाभर गूळ, लागेल तसं दूध. कणीक वगळली तर धिरडं उलटताना तुटतं. झाकण ठेवून मंद आचेवर भाजा. रात्री दहीभात.

बुधवार. गंगेवरच्या बाजारातून कोवळा दुधी आणि शेवग्याच्या शेंगा आणा. दुधीचा तुकडा आधी स्वतः चाखा. कडू लागला तर सगळा फेकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि तो बाधतो. दुपारी दुधीचा पराठा: पाव वाटी सोललेला, बारीक किसलेला दुधी, एक वाटी कणीक, चमचाभर तीळकूट, चिमूटभर मीठ. मळताना आधी पाणी घालू नका. मीठ लागल्यावर दुधी पाणी सोडतो. पीठ सैल होऊन पराठा पोळपाटाला चिकटतो तो त्यामुळेच.

गुरुवार. शेंगा उकडून गर चमच्याने खरवडा आणि चाळणीतून दाबून घ्या. 2 चमचे गर आमटीत. गाळायचा कंटाळा करू नका, एक रेषा सापडली की ती पुढचे चार दिवस आमटी उकरून बघेल.

शुक्रवार. बटाट्याची टिक्की: 3 भाग बटाटा, 1 भाग फ्लॉवर. फ्लॉवर झाकण न ठेवता उकडा म्हणजे उग्र वास उडून जातो. मग फडक्यात घट्ट पिळा, नाहीतर टिक्की तव्यावर फुटते. बांधायला 2 चमचे पोह्यांचा चुरा.

शनिवार. गुलाबी डोसा. वाटीभर पिठात चमचाभर उकडलेल्या बिटाची पेस्ट. बिटातल्या साखरेने डोसा लवकर करपतो, आच कमी ठेवा. दुसऱ्या दिवशी शी किंवा शू लालसर दिसली तर आधी हा डोसा आठवा. रात्री भगर आणि दाण्याची पातळ आमटी.

रविवार. शेवयांचा उपमा, त्यात गाजराची एक वडी आणि टोमॅटोचा गाळलेला रस.

रोजचं. दूध दिवसभरात 400 मिली, दोन कपांत, जेवणाच्या दीड तास आधीपर्यंतच. बाटलीभर दुधाने पोट भरलेलं मूल टिक्कीकडेही बघत नाही. द्राक्षं असतील तर उभी चिरून चार फोडी. अख्खं द्राक्ष आणि अख्खे दाणे घशात अडकतात. एका दिवशी एकाच पदार्थात बदल. नाकारला तर ताट उचला, "भाजी होती त्यात" असं सांगून जिंकायला जाऊ नका. मग चालणारा पदार्थही हातचा जाईल.

आणि रोज ताटाच्या कडेला उकडलेल्या गाजराचा एक मऊ, नखाएवढा तुकडा उघडपणे ठेवा. खा म्हणायचं नाही. लपवलेल्या भाजीने पोषण मिळतं, ओळख होत नाही. तिने बोटाने दाबला, जमिनीवर टाकला तरी उद्या दुसरा ठेवा.