मावशी, एक वर्ष झालं

मावशी, नमस्कार.

तोंडावर बोलायला गेले की तुम्ही "राहू द्या जी, कायले" म्हणून स्वयंपाकघरात निघून जाता. म्हणून लिहूनच देते आहे. घरी गेल्यावर मुलीकडून वाचून घ्या.

मागच्या १ जुलैला तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा मिनू जेमतेम वर्षाची होती. माझी सुट्टी संपली होती आणि मिहानचं ऑफिस डोळ्यांपुढे दिसत होतं. त्या दिवशी मी वर्धा रोडवर गाडी बाजूला लावून रडले, हे यांनाही माहीत नाही. संध्याकाळी घरी आले तर पोरगी तुमच्या पदराची गाठ चोखत बसलेली. माझ्याकडे बघितलं, हसली आणि पुन्हा गाठीला लागली. बरं वाटलं की वाईट, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

एक गोष्ट कबूल करायची आहे. टीव्हीच्या कपाटावर जे पांढरं गोल होतं, ज्याला तुम्ही रोज फडकं मारायच्या, तो कॅमेरा होता. तुम्हाला न सांगता लावला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन उघडला, तर मिनू तुमच्या दंडावर झोपलेली आणि तुमचा डबा समोर उघडा. ती उठेल म्हणून तुम्ही हात हलवला नाही. मी मधूनमधून दीड तास बघत होते, भाकर तशीच होती. तरीही दिवाळीपर्यंत कॅमेरा काढायला माझं मन झालं नाही, याची मला लाज वाटते. माफ करा.

मिनूचं बोलणं तर तुमचंच आहे. तिची पुण्याची आत्या फोनवर विचारते, "काय करतेस गं?" तर ही म्हणते, "जेवून रायली." आत्या हसून लोटपोट! माझी सासू आधी जरा कुरकुरली, आता तीच मुद्दाम बोलायला लावते. टेबलाचा कोपरा लागला की मिनू रडण्याआधी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून "घेऊन जा गे माबत" म्हणते. मारबत अजून म्हणता येत नाही, पण इडापिडा कोणाकडे द्यायची हे तिला पक्कं कळलं आहे.

तान्ह्या पोळ्याला तुम्ही तिच्यासाठी लाकडी बैल आणला होता, लाल झुलीचा. गल्लीत फिरून तिला ६० रुपये बोजारा मिळाला आणि तिने त्यातली एक नोट खायचा प्रयत्न केला, आठवतं? झूल कधीच फाटली, एक शिंग गेलं, पण झोपताना तो बैल उशीशी लागतोच. परवा मी दारामागून बघत होते. बैलाच्या तोंडाशी वाटी धरून म्हणत होती, "हा चिऊचा, हा काऊचा, हा माह्या मैनेचा." मीही तिला भरवताना असंच करते, पण "माही मैना" हे तुमचं. माझी नक्कल ती करते ती फक्त लॅपटॉप उघडून कपाळाला हात लावण्याची.

आणि या उन्हाळ्यात? पारा ४५ च्या वर गेला होता, तरी तुम्ही जयताळ्याहून दुपट्टा गुंडाळून साडेआठला हजर. कंबरेला खोचलेला कांदा दाखवून म्हणाल्या, "हा आहे नं, काही होत नाही." आता मॅडमनाही फ्रॉकच्या खिशात कांदा लागतो, तोही पावसाळ्यात. कपडे धुवायला टाकताना मी आधी खिसे बघते.

रविवारी तुम्ही येत नाही तेव्हा ती तुमच्या निळ्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाही. मागच्या रविवारी यांचे साहेब आले होते, त्यांनाही उठवलं. एकदा तिला तापात तुमच्या नावाने "माऊ, माऊ" करताना ऐकलं तेव्हा सुरुवातीला मला टोचलं होतं, खोटं कशाला बोलू? त्या रात्री तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही स्पीकरवरून झोपेपर्यंत गुणगुणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी टोचणं गेलं होतं.

आता कामाचं. या महिन्यापासून पगारात दीड हजार वाढवले आहेत, त्यावर वाद नको. भाचीच्या लग्नाला आठ दिवस जा, पैसे कापणार नाही. सोबतच्या पिशवीत लुगडं आहे, रंग मिनूने निवडला म्हणून इतका भडक आहे. संत्रा बर्फी घरच्यांसाठी.

तुमची छत्री काल आमच्याकडेच राहिली. दारामागे ठेवली आहे. मिनू तिला हात लावू देत नाही, तेव्हा उद्या तुम्हीच येऊन घ्या.

तुमची,
मिनूची आई