गणेशोत्सव २०२६ : कामं, जबाबदाऱ्या आणि शेवटच्या तारखा

नमस्कार मंडळी 🙏

काल झेंडावंदनानंतरच्या बैठकीत जे ठरलं ते सगळं इथे लिहिते आहे. हा मेसेज पिन करून ठेवला आहे, त्यामुळे तारीख विसरली तर आधी इथे बघा.

गणपती सोमवार, १४ सप्टेंबरला बसणार आणि शुक्रवार, १८ तारखेला विसर्जन. आजपासून हातात चार आठवडे आहेत. प्रत्येक कामापुढे एकच नाव आहे. मदतीला कितीही जण घ्या, पण "झालं का?" याचं उत्तर त्याच माणसाने द्यायचं. एक काम दोघांच्या नावावर टाकलं की दुसऱ्याने केलं असेल असं दोघंही धरून चालतात, आणि आदल्या रात्री कळतं की कुणीच केलेलं नाही.

*वर्गणी – देशपांडे काका. शेवटची तारीख रविवार, ३० ऑगस्ट.*
घरटी १,५०० रुपये, ८० घरं, म्हणजे १,२०,००० रुपये. ही वर्गणी ऐच्छिक आहे आणि मेंटेनन्सच्या खात्यात जात नाही, त्यामुळे दोन्ही रकमा एकत्र पाठवू नका. यूपीआयने पाठवताना नोटमध्ये विंग आणि फ्लॅट नंबर लिहा. नुसतं नाव आलं की काकांना एकाच आडनावाची तीन घरं धुंडाळावी लागतात, आणि बऱ्याचदा पैसे मुलांच्या नावाच्या खात्यातून आलेले असतात.
खर्चाचा अंदाज असा: मंडप आणि वीज ३२,०००, मूर्ती ९,०००, महाप्रसाद ३८,४००, पूजा-फुलं-गुरुजी ९,०००, साउंड १२,०००, स्पर्धांची बक्षिसं ६,०००, विसर्जन ५,०००. उरलेले ८,६०० हाताशी ठेवायचे. ज्याला आपल्या आकड्यापेक्षा जास्त खर्च लागणार असेल त्याने आधी काकांना विचारावं. खर्च करून मग सांगू नये.

*परवानग्या – माझ्याकडे. रविवार, २३ ऑगस्टपर्यंत.*
मॅनेजिंग कमिटीचं लेखी पत्र आणि स्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज. रात्री १० नंतर स्पीकर लावता येत नाही, पण आपण साडेनऊलाच बंद करणार आहोत. ए विंगमध्ये दोन तान्ही बाळं आहेत आणि बी विंगमध्ये एक आजोबा नुकतेच ऑपरेशन होऊन घरी आले आहेत.

*मंडप – कदम दादा. ठेकेदाराशी बोलणी ३० ऑगस्टपर्यंत, मंडप शनिवार, १२ सप्टेंबर संध्याकाळपर्यंत उभा.*
दादा, ठेकेदाराकडून या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. ताडपत्रीला एका बाजूला स्पष्ट उतार हवा, आणि तो पार्किंगच्या गटाराकडे. ताडपत्री सपाट ताणली की मधे पाणी साचतं, पोट धरतं, आणि वजनाने बांबू वाकतो. मग कुणीतरी खालून काठीने पाणी ढकलायला जातं आणि सगळं पाणी मखरावर येतं. दुसरं, आत पडदे सुती हवेत. सिंथेटिक पडदा पेट घेतल्यावर वितळून खाली गळतो. तिसरं, गेटपासून सी विंगपर्यंतची वाट पूर्ण मोकळी ठेवायची, अग्निशमन दलाची गाडी आत आली पाहिजे. त्या वाटेवर खांब नाही, खुर्च्यांचा ढीग नाही. चौथं, मंडप शनिवारीच पूर्ण व्हायला हवा. रविवारी त्यांची सगळी माणसं मोठ्या मंडळांकडे गुंतलेली असतात, मग आपल्याकडे कुणी फिरकत नाही.
शनिवारी रात्री ताडपत्रीवर दोन बादल्या पाणी ओतून उतार तपासा. पावसाची वाट बघू नका.

*वीज – रोहित (बी-३०१). जोडणी १२ तारखेला मंडपासोबतच, चाचणी रविवार, १३ ला दुपारी ३ वाजता.*
रोहित, हे काम सगळ्यांत जोखमीचं आहे म्हणून सविस्तर लिहिते. कॉमन मीटरवरून मंडपासाठी स्वतंत्र लाइन घ्यायची, त्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. तांब्याची वायर २.५ चौरस मिमी. एलईडी लाइट, माळा, दोन पंखे आणि साउंड मिळून साधारण दोन किलोवॅट लोड होतो, म्हणजे जेमतेम नऊ अँपिअर. त्यात कुणी चहासाठी इंडक्शन लावली की ती एकटीच आणखी दोन किलोवॅट खाते. आधी एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग तापतो, मग वितळतो. त्यामुळे मंडपाच्या बोर्डावर इंडक्शन, गीझर, इस्त्री, काहीही चालणार नाही. चहा वॉचमनच्या खोलीत होईल.
जोड उघड्यावर नकोत, टेप गुंडाळलेले तर नकोतच. पावसाचं पाणी टेपच्या आत शिरतं आणि आरसीसीबी दर अर्ध्या तासाला पडते, मग वैतागून कुणीतरी ती बायपास करतं. तसं कुणीही करायचं नाही. ती पडत असेल तर रोहितला फोन करा. केबलचा ड्रम वापरला तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल लोडखाली आतून तापते. चाचणीच्या वेळी सगळं एकदम चालू करून अर्धा तास ठेवा आणि प्रत्येक प्लगजवळ हाताचा मागचा भाग नेऊन बघा. कोमट लागला तरी बदला.
अग्निशामक सिलिंडर दोन: एक मखराच्या बाजूला, एक स्वयंपाकाजवळ. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते १३ ला बघून इथे फोटो टाका.

*मूर्ती – साळवी काका. आणायची रविवार, १३ सप्टेंबर, संध्याकाळी ५.*
शाडूची दोन फुटी मूर्ती बुक आहे. शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा जड आणि ठिसूळ असते. उचलताना दोघांनी पाटाखाली हात घालायचा. हाताला, सोंडेला किंवा प्रभावळीला धरायचं नाही. रंग पाण्यात विरघळणारा असतो, त्यामुळे हात कोरडे हवेत. गाडीत खाली जाड फोम, वरून कोरडं सुती कापड आणि उतरताना दोन मोठ्या छत्र्या. थेट प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल धरते आणि रंग प्लास्टिकला चिकटून निघतो.
उत्सवाचे पाचही दिवस हेच लक्षात ठेवा. हार आणि दुर्वा झटकून मगच वाहा. ओल्या हारातून थेंब थेंब पाणी पोटावर ओघळतं आणि तिसऱ्या दिवशी पितांबराच्या पिवळ्या रंगाची रेघ थेट पावलापर्यंत आलेली दिसते.

*मखर – मेघा आणि मुलांची टीम (जबाबदारी मेघाची). १२ तारखेपर्यंत.*
थर्माकोल नाही, राज्यात त्यावर बंदी आहे. पुठ्ठा, कापड, बांबू वापरा. आतली उंची साडेतीन फूट ठेवा आणि समोरची कमान सुटी ठेवा, मूर्ती बसल्यावर लावायची. समई मखराच्या कापडापासून किमान तीन फूट लांब, वाळूच्या ताटात. रात्री शेवटी निघणाऱ्याने समई विझली आहे याची खात्री करायची.

*पूजा – कुलकर्णी काकू. गुरुजींकडून यादी ३० ऑगस्टपर्यंत, फुलांची ऑर्डर बुधवार, ९ सप्टेंबरपर्यंत.*
काकू, गुरुजींनी सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली आहे. त्या दिवशी ते एका घरातून दुसऱ्या घरी धावत असतात, त्यामुळे नऊला सगळं मांडलेलं असावं. नारळ पाच आणा, एखादा नासका निघतोच. दुर्वा १३ ला संध्याकाळीच आणायच्या.

*आरतीचा प्रसाद – पाटील वहिनी. वेळापत्रक रविवार, ६ सप्टेंबरपर्यंत इथे टाकतील.*
आरती सकाळी ८ आणि संध्याकाळी साडेसात, फक्त सोमवारी सकाळची आरती स्थापनेनंतर. संध्याकाळी १२० माणसं धरा. शिरा करणार असाल तर दोन किलो रवा पुरतो, छोटी वाटी भरून. खिरापत दोन किलो. दुधाचे पदार्थ नकोत. या दमट हवेत चार-पाच तास बाहेर राहिले की आंबतात आणि त्रास लहान मुलांना आधी होतो.

*महाप्रसाद – शिंदे काका. गुरुवार, १७ सप्टेंबर, संध्याकाळी ८. माणसांचा आकडा ६ सप्टेंबरपर्यंत.*
घरटी तीन, म्हणजे २४० पानं धरून आचाऱ्याला सांगितलं आहे, पानामागे १६० रुपये. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, जिलबी, मठ्ठा. आचारी कबूल करतो त्याची खातरजमा या आकड्यांवर करा: तांदूळ १९ किलो, बटाटे २६ किलो, कणीक २४ किलो (माणशी पाच पुऱ्या, बाराशे होतात), मठ्ठा ४८ लिटर, जिलबी २० किलो.
भात एकदम लावू द्यायचा नाही. दोन पातेल्यांत करायचा, दुसरं पातेलं पहिली पंगत बसायच्या अर्धा तास आधी चुलीवर. मोठ्या पातेल्यातला भात झाकणाखाली आतल्या वाफेने शिजतच राहतो आणि शेवटच्या पंगतीला नुसता गिचका उरतो. मठ्ठ्याला मीठ-आलं संध्याकाळी सहानंतरच, दुपारी लावला तर आंबटढाण होतो.
गॅस सिलिंडर उभे, मंडपाच्या बाहेर, ताडपत्रीपासून दूर.
सगळ्यांना विनंती: कुणाकडे पाहुणे येणार असतील तर ६ तारखेच्या आत सांगा. पाहुण्यांचं मनापासून स्वागत आहे. न सांगता आलेली वीस माणसं म्हणजे शेवटच्या पंगतीला जिलबी नाही, आणि शेवटच्या पंगतीला वाढणारी मंडळी बसतात.

*स्पर्धा – प्राजक्ता ताई.* मंगळवारी चित्रकला, बुधवारी अथर्वशीर्ष पठण. नावं १० सप्टेंबरपर्यंत ताईंना वैयक्तिक मेसेजवर, ग्रुपवर नको.

*विसर्जन – जाधव दादा. टाकी गुरुवारी रात्रीपर्यंत जागेवर, शुक्रवारी संध्याकाळी ५ ला उत्तरपूजा.*
बागेजवळ तीन फूट लांब-रुंद उघडी टाकी, दोन फूट पाणी, साधारण ५०० लिटर. आधी हार, वस्त्र, दागिने, सगळं काढायचं. निर्माल्य वेगळ्या पिंपात. मूर्ती पाटावरून उचलून सावकाश उभीच खाली सोडायची. एका दिवसात ती आपोआप विरघळते. नाही विरघळली तर आणखी एक दिवस थांबा, काठीने ढोसू नका. ते बघवतही नाही. टाकीवर फळी आणि जाळी टाकून ठेवा, दोन फूट पाणी लहान मुलाला पुरेसं धोक्याचं असतं. रविवार, २० ला वरचं निवळ पाणी झाडांना, खालची माती बादल्यांत भरून मूर्तिकाराकडे परत. हे पाणी गटारात सोडलं तर शाडू तळाशी बसून पाइप तुंबतो.

बिलं मंगळवार, २२ सप्टेंबरपर्यंत देशपांडे काकांकडे, साध्या चिठ्ठीवर का होईना, पण तारीख आणि सहीसकट. हिशेब रविवार, २७ ला नोटीस बोर्डावर लागेल.

अजून दोन जागा रिकाम्या आहेत: रात्री ११ ते सकाळी ६ मंडपात झोपायला रोज दोघं, चार रात्री म्हणजे आठ नावं, आणि महाप्रसादाला वाढायला सोळा जण. या दोन्हींसाठी इथेच "रात्र" किंवा "वाढणं" असं लिहून विंग-फ्लॅट नंबर टाका.

ज्यांची नावं वर आहेत त्यांनी मंगळवार, १८ ऑगस्ट रात्री ९ पर्यंत "घेतलं" असं लिहा. ज्यांना जमणार नाही त्यांनीही आत्ताच सांगा, त्यात काही वाईट नाही, आज दुसरं माणूस मिळतं. नुसता 👍 धरला जाणार नाही, कारण तो काम घेतलं म्हणून आहे की मेसेज वाचला म्हणून, ते समजत नाही.

– नीलिमा, सी-४०२
गणपती बाप्पा मोरया 🌺