विश्लेषण पुन्हा करण्यासाठी मुदतवाढ मिळण्याबाबत

जळगाव
दि. 6 जानेवारी 2025

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संशोधन सल्लागार समिती, अर्थशास्त्र विभाग

विषय: प्रबंध सादर करण्याची मुदत 31 जानेवारीऐवजी 17 मार्च 2025 पर्यंत वाढवून मिळणेबाबत.

महोदय,

खानदेशातील कोरडवाहू कापूस उत्पादकांचे पीककर्ज आणि पावसाचा खंड यांच्या संबंधावरील माझ्या प्रबंधाचे प्रकरण चार व पाच मला नव्याने करावे लागणार आहे. कुटुंब सर्वेक्षण आणि महसूल मंडळांच्या पावसाच्या नोंदी या दोन फाइली गावाच्या नावावरून जोडल्या गेल्या होत्या. पिंप्री, वडगाव, लोणी ही नावे आपल्या तिन्ही जिल्ह्यांत पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे अमळनेर तालुक्यातील एका कुटुंबाची नोंद दोनदा आली: एकदा तिथल्या पावसासह, एकदा नवापूरच्या. अवर्षणप्रवण अमळनेर कुठे आणि नवापूरचा पाऊस कुठे!

हे लवकर लक्षात आले नाही, कारण एकूण संख्या संशयास्पद नव्हती. ‘पिंपरी’ आणि ‘पिंप्री’ अशा लेखनभेदामुळे काही कुटुंबे गळाली, तर काही दुबार झाली. 386 कुटुंबांच्या जोडलेल्या फाइलीत 379 ओळी होत्या. अपूर्ण माहितीमुळे एवढी गळती होतेच, असे वाटले. परिणाम मात्र गंभीर आहे. दुबार ओळींमुळे प्रमाण त्रुटी खोटी कमी दिसते आणि चुकीच्या पावसामुळे गुणकच बदलतो. म्हणून प्रकरण पाचमधील मुख्य निष्कर्षावर आज मी विसंबू शकत नाही. उलटही निघू शकतो, हे समितीला आधीच सांगणे मला आवश्यक वाटते.

आता जोडणी 2011 च्या जनगणनेतील सहा अंकी ग्राम संकेतांकावरून करीत आहे. जोडताना `validate="many_to_one"` ही अट ठेवली आहे, म्हणजे पावसाच्या फाइलीत संकेतांक दुबार असल्यास प्रोग्राम तिथेच थांबतो. वेळ लागणार आहे तो हाताने करायच्या कामाला. अक्राणी आणि अक्कलकुवा भागातील अनेक पाड्यांना स्वतंत्र संकेतांक नाही; ते कोणत्या महसुली गावात मोडतात हे एकेक करून तपासावे लागेल. त्यानंतर दोन्ही प्रकरणांतील सर्व तक्ते नव्याने काढून जुन्या आकड्यांशेजारी मांडीन. मुलाखतींवरील प्रकरण तीनला यामुळे धक्का लागत नाही.

ऐन वेचणीत शेतकरी कुटुंबांनी कामे बाजूला ठेवून सातबारा आणि सोसायटीचे पासबुक माझ्यासमोर उघडले. त्यांच्या कर्जाबद्दल प्रबंधात चुकीचे विधान राहू नये, एवढ्यासाठी ही मुदत मागत आहे.

मार्गदर्शक मॅडमना दोन्ही फाइली दाखवल्या आहेत व त्यांची संमती सोबत जोडली आहे. सुधारित जोडणी आणि पहिले तक्ते 14 फेब्रुवारीला समितीपुढे ठेवीन. मुदतवाढ मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
पीएच.डी. संशोधक विद्यार्थिनी, अर्थशास्त्र विभाग

सोबत: मार्गदर्शकांचे संमतिपत्र, दुबार नोंदींची यादी