विषय : १७ ते १९ नोव्हेंबर २०२५ या तीन दिवसांची रजा आणि लॉगबुकमधील नोंदीबाबत विनंती

दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५
चाकण

आदरणीय शिंदे सर,
सप्रेम नमस्कार.

मला सोमवार १७ ते बुधवार १९ नोव्हेंबर अशी तीन दिवसांची रजा हवी आहे. गुरुवारी आपली साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारी २१ तारखेला मी पहिल्या पाळीला हजर राहीन. तुमच्याशी समोरासमोर बोलणारच आहे. पण शॉपवर मशीन चालू असताना नीट बोलता येत नाही आणि तारखाही लेखी असलेल्या बऱ्या, म्हणून आधी हे पत्र देत आहे.

गावी, पारनेर तालुक्यात, आमच्या शेताची सरकारी मोजणी मंगळवारी १८ तारखेला लागली आहे. मोजणीचा अर्ज वडिलांनी उन्हाळ्यात केला होता. पावसाळ्यात रानात पीक उभं असल्यामुळे तारीख आता मिळाली. लगतच्या खातेदारांनाही त्याच तारखेच्या नोटिसा गेल्या आहेत. उत्तरेच्या बांधावरून शेजाऱ्यांशी बरीच वर्षं कुरबूर चालू आहे. दोन्ही घरांनी एकदाची मोजणी करून घ्यायची आणि निघेल ती हद्द मान्य करायची असं ठरवलं, हेच खूप झालं. ही तारीख हुकली तर तो समजूतदारपणा टिकेल की नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

दिवाळीनंतर वडील विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर आहे. ढेकळांतून बांधापर्यंत चालणं त्यांना शक्य नाही. धाकटा भाऊ अजून अठरा वर्षांचा नाही, त्यामुळे जबाबावर त्याची सही चालणार नाही. म्हणून वडिलांनी माझ्या नावे अधिकारपत्र लिहून दिलं आहे. भूकरमापक आले की सातबारा आणि गटाचा नकाशा दाखवायचा, जुने हद्दीचे दगड कुठे आहेत ते सांगायचं आणि खुणा झाल्यावर पंचनाम्यावर सही करायची, ही सगळी कामं माझ्याकडे आहेत. ते दगड मला माहीत आहेत. आजोबांबरोबर मी त्या बांधावरून पुष्कळ फिरले आहे. त्यातला एक बोरीच्या झुडपात पूर्ण बुजला आहे. तो सोमवारी मोकळा करावा लागेल, नाहीतर मंगळवारी ऐनवेळी शोधाशोध होईल. बुधवार मी राखीव मागते आहे. काम एका दिवसात उरकलं तर बुधवारीच पहिल्या पाळीला येईन आणि तो दिवस रजेत धरू नये.

आता प्रशिक्षणाविषयी. सर, मला जास्त काळजी याचीच आहे. माझ्या खात्यावर नैमित्तिक रजा शिल्लक आहे, हे टाइम ऑफिसमध्ये विचारून घेतलं आहे. तरी रजा आधी मंजूर होऊन रजिस्टरला चढली नाही, तर ते दिवस गैरहजेरीत जातात. ट्रेड टेस्टच्या वेळी हजेरीही पाहतात आणि लॉगबुकही. म्हणून माझी विनंती आहे की रजेच्या अर्जावर तुमची शिफारस १४ तारखेपर्यंत मिळावी, म्हणजे शनिवारी अर्ज एचआरला देता येईल. लॉगबुकमध्ये त्या तीन तारखांपुढे ‘मंजूर रजा’ एवढंच लिहावं. त्या दिवसांवर कोणताही जॉब दाखवावा, किंवा माझ्या बॅचमधल्या कोणाला माझं कार्ड पंच करायला सांगावं, असं मला मुळीच नको आहे. लॉगबुकवर सही तुमची असते आणि त्या सहीकडे माझ्यामुळे कधी कोणी बोट दाखवू नये.

सरफेस ग्राइंडिंगवरचं माझं काम कुठवर आलं आहे तेही सांगते. २५ मिमीच्या पॅरलल ब्लॉकची पहिली जोडी झाली. तुम्ही सर्फेस प्लेटवर डायल फिरवून ती तपासली आणि पानावर सहीही केली. दुसऱ्या जोडीचं रफ ग्राइंडिंग झालं आहे, फिनिशसाठी ०.१५ मिमी माल ठेवला आहे. डायमंडने व्हील ड्रेस करून ही जोडी मी शनिवारी १५ तारखेच्या आत पुरी करते. चकवर ठेवण्याआधी ब्लॉकच्या कडांची बर ऑइल स्टोननं काढायची आणि चकवर तळहात फिरवून बारीक कण राहिला नाही ना ते पाहायचं, ही तुम्ही लावलेली सवय आता हातात बसली आहे. त्यामुळे एका कोपऱ्याला डायलचा काटा उचलला जायचा, ते या वेळी होणार नाही असा मला विश्वास आहे. काही कारणानं मशीन मोकळं मिळालं नाही आणि जोडी राहिली, तर ब्लॉकना तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून टूल क्रिबमध्ये ठेवीन. तीन दिवस उघडे राहिले तर घामाच्या बोटांचे डाग गंजून वर येतात. ग्राइंड केलेल्या फेसवर ते पाहवत नाहीत.

लॉगबुकची मागच्या आठवड्यातली दोन पानं तुमच्या सहीची राहिली आहेत. मापं आणि स्केचेस लिहून झाली आहेत. जाण्याआधी तुम्ही ती पाहिलीत तर माझ्यामागे काही अर्धवट राहणार नाही.

रजेत एकच गोष्ट खरोखर बुडते आहे. मंगळवारी १८ तारखेला तुम्ही नवीन व्हीलचं बॅलन्सिंग आणि माउंटिंग बॅचला दाखवणार आहात. व्हील टांगून हलक्या ठोक्यानं त्याचा नाद ऐकणं, तडा असेल तर तो आवाजात कसा कळतो, हे पुस्तकात वाचून येत नाही आणि त्यात चूक झाली तर जिवावर बेततं. ते प्रात्यक्षिक आधीच्या आठवड्यात घेता आलं, किंवा शुक्रवारी २१ तारखेला जेवणाच्या सुट्टीनंतर मला एकटीला थोडा वेळ देता आला, तर फार उपकार होतील. दोन्ही जमण्यासारखं नसेल, तर पुढच्या वेळी व्हील बदलताना मला बोलवावं आणि ती नोंद त्याच तारखेला व्हावी. न पाहिलेल्या कामावर सही मला नको.

भरपाईसाठी जादा तास थांबू द्या असं मी म्हणत नाही. शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम लावायला वेगळी परवानगी लागते आणि माझ्यासाठी तुम्हाला त्या खटपटीत पाडायचं नाही. पाळीच्या वेळेतच सगळं भरून काढीन. शनिवारी २२ तारखेच्या मासिक प्रॅक्टिकलला मी बसणारच आहे, त्यात सवलत नको. सोमवारी २४ तारखेला बॅच सिलिंड्रिकल ग्राइंडिंगला जाईल तेव्हा मलाही बॅचबरोबरच पाठवावं, मागे ठेवू नये, एवढी मात्र कळकळीची विनंती आहे.

या तारखांना शॉपमध्ये ऑडिट किंवा निकडीचं काम असेल तर मला आत्ताच सांगा. मोजणीची तारीख माझ्या हातात नाही, पण सोमवारची पाळी करून रात्री निघणं आणि मंगळवारी काम होताच शिक्रापूरमार्गे परतणं मला जमेल. अशा वेळी एका दिवसाची रजाही पुरेल. त्या दगडाचं काम भावाला फोनवर समजावून सांगेन.

तुम्ही सोमवारी १० तारखेला जेवणानंतर केबिनमध्ये असाल तर लॉगबुक आणि रजेचा अर्ज घेऊन येते.

आपली नम्र,
प्रतीक्षा
शिकाऊ उमेदवार, मशिनिस्ट ट्रेड
टूल रूम, पहिली पाळी

सोबत : मोजणीच्या नोटिशीची छायाप्रत, वडिलांचं अधिकारपत्र, वडिलांच्या पायाच्या उपचाराचा कागद