स्नेहसंमेलनाच्या फोटोतली नावं

वाई, १२ जानेवारी

आदरणीय कुलकर्णी बाईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुनीता, दहावी ‘ब’, १९९४ची. बाई, तुम्ही स्नेहसंमेलनाला आलात, त्याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. गणपती घाटावर, ढोल्या गणपतीच्या देवळासमोर काढलेल्या फोटोची मोठी प्रत सोबत पाठवते आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीने आकडा घातलाय.

फोटोखाली सगळ्यांची नावं छापून प्रती घरोघरी द्यायच्या आहेत. बहुतेक नावं जुळली, चारांवर गाडी अडली आहे. ७ नंबरची हिरव्या साडीतली, चष्मेवाली. ती मेणवलीहून सायकलवर यायची एवढं आठवतं. ११ आणि १२ शेजारी उभे आहेत. दोघे ‘अ’ तुकडीतले, त्यातला एक कबड्डीच्या संघात होता. आणि १९ नंबर, मागच्या पायरीवर, अर्धा चेहरा झाकलेला. तो आठवीत आला आणि नववीत वडिलांच्या बदलीमुळे गेला, असं संजय म्हणतो. तरीही तो आवर्जून आला, म्हणून त्याचं नाव चुकायला नको.

हजेरी तुम्हीच घ्यायचात, तुम्हाला आडनावासकट आठवेल. मुलींची माहेरची नावं सांगितलीत तर बरं, सासरची आम्ही विचारून घेऊ.

डोळ्यांना त्रास होत असेल तर लिहू नका. रविवारी सकाळी दहाला मी फोन करते, तुम्ही आकडा बघून नाव सांगा.

तुमची,
सुनीता